ऐकता ऐकता टिपताना: इंग्रजी परीक्षांतील व्याख्यान-टिपणे आणि संक्षेपचिन्हांचा वाद

परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या परीक्षेत एक काम करावे लागते. व्याख्यान एकदाच ऐकायचे, ते पुन्हा ऐकवले जात नाही आणि लगेच त्याचा सारांश लिहायचा. हाताशी उरते ती फक्त ऐकताना केलेली टिपणे. ही टिपणे कशी करावीत, कोणती चिन्हे वापरावीत, शब्द कसे तोडावेत, यावर शिकवणीवर्गांत ठाम मते ऐकू येतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. या लेखात त्या मतांची आणि त्यांमागच्या अभ्यासाची मांडणी केली आहे. उदाहरणे मुख्यतः दोन परीक्षांतली आहेत: टोफेल आणि पीटीई.

कामाचे स्वरूप

टोफेलची इंटरनेटवरची आवृत्ती 2005 मध्ये सुरू झाली आणि ऐकताना टिपणे घेण्याची मुभा तिच्यापासून मिळाली. त्याआधीच्या टोफेलमध्ये ऐकण्याच्या भागात टिपणे घेता येत नसत. नव्या परीक्षेतला वाचून-ऐकून लिहिण्याचा प्रश्न सर्वांत जास्त गाजला. तीन मिनिटांत एक उतारा वाचायचा, मग त्याच विषयावर दोनेक मिनिटांचे व्याख्यान ऐकायचे. त्यात प्राध्यापक बहुधा उताऱ्यातले तीन मुद्दे एकेक करून खोडून काढतात. त्यानंतर वीस मिनिटांत या दोन्हींचा संबंध सांगणारा दीडशे ते सव्वादोनशे शब्दांचा सारांश लिहायचा. जानेवारी 2026 मध्ये टोफेलची रचना बदलली आणि हा प्रश्न त्यातून गेला. तरी वीस वर्षांत त्याभोवती जमा झालेला अनुभव या क्षेत्रातला सर्वांत समृद्ध आहे. पीटीईत असेच काम अजून आहे. तिथे साठ ते नव्वद सेकंदांचे भाषण ऐकवतात आणि दहा मिनिटांत त्याचा पन्नास ते सत्तर शब्दांचा सारांश मागतात.

या दोन कामांत एक फरक आहे, तो टिपणांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. टोफेलच्या त्या प्रश्नात लिहायला बसल्यावर उतारा पडद्यावर परत दिसत असे, व्याख्यान मात्र परत मिळत नसे. तरी पुष्कळ विद्यार्थी वाचनाची तीन मिनिटे उताऱ्याची भरगच्च टिपणे काढण्यात घालवत आणि व्याख्यान सुरू झाले की कागदावर जागा शोधत बसत. उताऱ्याचे तीन मुद्दे तीन-तीन शब्दांत डावीकडे लिहून उजवी बाजू मोकळी ठेवणे पुरेसे होते. पीटीईत असा आधार देणारा उतारा नसतो, त्यामुळे भाषणाची घडण ऐकतानाच ओळखावी लागते.

अंतर किती आहे

वादाच्या मुळाशी एक साधे गणित आहे. फ्रान्समधल्या आनी पियोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये टिपणे घेताना मनावर पडणाऱ्या ताणाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात बोलणारा सेकंदाला दोन ते तीन शब्द उच्चारतो आणि हाताने लिहिणारा सेकंदाला साधारण 0.2 ते 0.3 शब्द लिहितो, असे प्रमाण दिले आहे. म्हणजे हात जिभेच्या दहाव्या हिश्शाने चालतो.

आता असे धरू की कोणी सर्व शब्द निम्मे तोडून लिहायला शिकला. त्याचा वेग दुप्पट झाला, तरी दहांतले दोनच शब्द कागदावर येणार, आठ सुटणारच. मग प्रश्न उरतो तो कोणते आठ सोडायचे आणि ते कोणी ठरवायचे याचा. ज्याने ठरवले नाही, त्याच्यासाठी ते घड्याळ ठरवते. तो पहिले वाक्य जवळजवळ पूर्ण लिहितो, दुसऱ्याचा अर्धा भाग लिहितो आणि तिसरे त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही.

पहिली भूमिका: वेग वाढवा

हे अंतर वेगानेच मिटवावे, असे मानणारा एक पक्ष आहे, आणि त्याच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये ध्वनींवर आधारलेली लघुलिपी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात मराठी लघुलेखन हे आजही नोकरीचे कौशल्य आहे. शासकीय सेवेत निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला शंभर आणि उच्चश्रेणीला एकशेवीस शब्दांची गती लागते. दोन मिनिटांत अडीचशे-तीनशे शब्दांचे व्याख्यान मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्दांनी जाते. म्हणजे मुरलेला लघुलेखक त्याच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. ही गती कमवायला नियमित सरावाचे कितीतरी महिने लागतात आणि परीक्षार्थीकडे बहुधा दोन-तीन महिनेच असतात. दुसरी अडचण जास्त खोल आहे. लघुलेखकाचे काम बोललेले जसेच्या तसे उतरवणे असते, त्यातून निवड नंतर कोणीतरी करायची असते. सारांशाच्या परीक्षेत निवड हेच काम आहे. सगळे उतरवून घेणाऱ्याने ते काम पुढे ढकललेले असते, आणि पीटीईच्या दहा मिनिटांत लिपी उलगडून, निवडून, सत्तर शब्दांत बसवून वर वाक्यांचे व्याकरणही तपासायचे असते.

या पक्षाची सौम्य शाखा मात्र सर्वत्र रूढ आहे: स्वर गाळून शब्द लिहा, शेपटी तोडा, `w/`, `b/c`, `govt` असे तयार संक्षेप पाठ करा. इंग्रजीत हे चालते, कारण त्या लिपीत व्यंजनांच्या सांगाड्यावरून शब्द ओळखू येतो. देवनागरीत स्वर व्यंजनाला चिकटलेला असल्याने तोच नियम तसा लागू होत नाही. आपली सवय पहिल्या अक्षरांवर थांबण्याची आहे: उदा., इ., म्ह., कि.मी. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजी शब्दही असेच पहिल्या तीन-चार अक्षरांवर तोडतात, आणि तिथे एक खास घोटाळा होतो. `prod` एवढेच लिहिले तर नंतर ते उत्पादन, उत्पादक, उत्पादक्षम की नुसते उत्पादन करणे, हे कळत नाही.

यावरचा तोडगा जुना आणि उत्तम आहे. जाँ-फ्राँस्वा रोझाँ या दुभाष्याने 1956 मध्ये जिनिव्हातून प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात तो सापडतो. शब्दाची सुरुवातीची अक्षरे लिहा आणि शेवटचे एखादे अक्षर वर, लहान करून ठेवा. `prod` वर `n` ठेवला की उत्पादन, `r` ठेवला की उत्पादक. एका अक्षराचा खर्च होतो, पण शब्दाची जात टिकते. संक्षेपांच्या लांबलचक यादीपेक्षा हा एकच नियम मला जास्त उपयोगी वाटतो, कारण तो पूर्वी न ऐकलेल्या शब्दालाही लागू पडतो.

दुसरी भूमिका: शब्द सोडा, संबंध टिपा

रोझाँ यांचे पुस्तक लिहिले गेले दुभाष्यांसाठी. वक्ता काही मिनिटे बोलतो, मग थांबतो आणि दुभाषी ते सगळे दुसऱ्या भाषेत सांगतो. हे काम आपल्या परीक्षेच्या फार जवळचे आहे. रोझाँ यांनी सात तत्त्वे मांडली, त्यांतले पहिले असे की शब्द लिहू नका, कल्पना लिहा. बाकीच्यांत जोडशब्दांवर लक्ष, नकार स्पष्ट दाखवणे, जोर दाखवणे आणि टिपण आडवे न लिहिता पानावर वरून खाली, पायरीपायरीने सरकत लिहिणे हे येते. चिन्हे त्यांनी फक्त वीस दिली आणि त्यांतलीही दहाच अत्यावश्यक मानली.

दुभाष्यांच्याच जगात याच्या विरुद्ध टोकाचे मतही आहे. जर्मनीतले हाइन्झ मात्युसेक यांनी 1989 मध्ये टिपणतंत्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चिन्हांची जवळजवळ एक स्वतंत्र भाषाच उभी केली आहे: मूळ चिन्ह, त्यात थोडा बदल करून तयार होणारी पुढची चिन्हे, असा विस्तार. त्यांच्या बाजूने न्याय्यपणे हे सांगायला हवे की चिन्ह कोणत्याही एका भाषेला बांधलेले नसते. एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत बोलायचे असेल तर ते मोकळेपण कामाला येते, आणि रोज तेच काम करणाऱ्याच्या हातात शेकडो चिन्हे बसू शकतात. रोझाँच्या बाजूचे म्हणणे असे की आठवावे लागणारे चिन्ह वेळ वाचवत नाही, वेळ खाते. ते आठवण्याच्या क्षणी ऐकणे थांबते.

परीक्षार्थीच्या बाबतीत मला रोझाँची बाजू स्पष्टपणे योग्य वाटते. तिचा उपयोग एका नमुन्यावरून दाखवतो.

एक नमुना: लोणार

टोफेलच्या घडणीवर बेतून मी हा प्रश्न तयार केला आहे. उतारा म्हणतो की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर ज्वालामुखीतून बनले असावे. कारणे तीन. एक, सगळे दख्खन ज्वालामुखीच्या खडकाचे आहे. दोन, सरोवराला ज्वालामुखीच्या मुखासारखी गोल, उंचावलेली कड आहे. तीन, तिथे उल्केचा तुकडा सापडलेला नाही.

प्राध्यापक इंग्रजीत उत्तर देतात. त्याचा मथितार्थ असा. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. सरोवराच्या नेमक्या वयावर मतभेद असले तरी ते त्या मानाने फारच अलीकडचे आहे, त्यामुळे ते बनले तेव्हा इथले ज्वालामुखी केव्हाच थंडावले होते. कडेचे खडकांचे थर बाहेरच्या बाजूला उलथलेले आहेत, आघाताने माती-दगड उसळल्यावर होतात तसे. शिवाय तळाखालच्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली आहे. ती प्रचंड आघाताच्या दाबाखाली बनते, ज्वालामुखीत तसा दाब निर्माण होत नाही. आणि उल्केचा तुकडा नाही म्हणाल, तर एवढ्या वेगाच्या धडकेत उल्केचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होतो. तेव्हा तुकडा नसणे हा आघात झाला नसल्याचा पुरावा ठरत नाही.

शब्दांमागे धावणाऱ्याच्या कागदावर यातले काय उरते?

```
Deccn lava erup abt 66 mill yrs ago bt th lk is mch
rim lyrs
mask. glss fnd in rck undr
no pc
```

संक्षेप इथेही आहेत, भरपूर आहेत. पहिल्या ओळीत त्याने `abt`, `yrs ago`, `bt th` हे सगळे तोडून लिहिले, आणि `mch` नंतरचे जे सांगायचे होते तेच सुटले. काच सापडली हे लिहिले आहे, पण ती कशाचा पुरावा आहे हे नाही. दहा मिनिटांनी `no pc` वाचताना हे उताऱ्याचे म्हणणे की प्राध्यापकांचे, हे त्याला आठवणार नाही. तो बहुधा सारांशात लिहील की प्राध्यापकांच्या मते तुकडा सापडला नाही म्हणून आघात झाला नाही. अर्थ नेमका उलटा.

दुसऱ्या पद्धतीचे टिपण असे दिसेल:

```
R                  L
1 Deccan = volc    X lava 66M, lake << young
                     ∴ volc stopped b4
2 round rim        X lyrs tilt OUT
                     + mask. glass ← shock only
                       volc NO
3 no meteor pc     X impact → vapor
                     no pc ≠ no impact
```

शब्दांची संख्या दोन्हींत फारशी वेगळी नाही. फरक पडतो तो बाण, फुली, `∴` आणि `≠` यांमुळे. प्रत्येक ओळीला कोण बोलते आहे ते जागेवरून कळते, आणि प्रत्येक ओळीचे एक पूर्ण वाक्य करता येते. शेवटच्या ओळीवरून विद्यार्थी सरळ लिहू शकतो की तुकड्याचा अभाव आघाताविरुद्ध पुरावा होत नाही, कारण धडकेत उल्केची वाफ होते. `∴` आणि `∵` ही चिन्हे तर मराठी शाळांतल्या मुलांच्या हातात भूमितीच्या सिद्धतांमुळे आधीपासून बसलेली आहेत. नवे काही न शिकता कार्यकारणासाठी दोन चिन्हे त्यांच्याकडे तयार असतात. क्लासच्या छापील याद्यांत ती बहुधा असतात, पण ती आपलीच आहेत हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

धोके याही टिपणात आहेत. `M` म्हणजे दशलक्ष, तोच पुढे उल्केसाठी वापरला तर गोंधळ ठरलेला. `volc` ऐवजी `vol` लिहिले तर ते आकारमान वाटू शकते. `mask.` पुढे `glass` नसते, तर तो शब्द मुखवट्याचा वाटला असता. नकार सर्वांत नाजूक. घाईत `≠` मधली तिरकी रेघ पुसट झाली की विधान उलटते, म्हणून वर `NO` मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. घरून टोफेल देणाऱ्याला साधा कागद न मिळता पुसता येणारी पाटी किंवा पारदर्शक आवरणातला कागद वापरावा लागतो. पीटीई केंद्रावरही पुसता येणारी वही आणि तिचे पेन देतात. जाड टोकाच्या अशा पेनाने वर लहान करून लिहिलेली अक्षरे आणि बारीक तिरक्या रेघा एकमेकांत मिसळतात. ज्याने सगळा सराव बॉलपेनाने केला, त्याची चिन्हे तिथे फसतात.

तिसरी भूमिका: आधी ऐका

तिसऱ्या पक्षाच्या मते परक्या भाषेत ऐकणाऱ्याची शक्ती ऐकण्यातच खर्च होते. लिहिण्याचे ओझे वर टाकले तर दोन्ही बिघडते, म्हणून टिपणे जवळजवळ नकोतच, किंवा मोजकी हवीत. हे मत वाऱ्यावरचे नाही. पॅट्रिशिया डंकेल यांनी 1988 मध्ये अमेरिकन आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या टिपणांची तुलना केली. किती शब्द लिहिले यापेक्षा थोडक्यात किती नेमकी माहिती टिपली, हे चाचणीतल्या यशाशी जास्त जोडलेले दिसले. नव्या टोफेलच्या तयारीसाठी 2002 मध्ये पॅट्रिशिया कॅरेल, डंकेल आणि पामेला मोलॉन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टिपणे घेण्याचा फायदा सगळीकडे सारखा दिसला नाही, व्याख्यान किती लांब आणि कोणत्या विषयाचे आहे यावर तो बदलत होता.

इथे जुन्या एका मांडणीची मदत होते. डिव्हेस्टा आणि ग्रे यांनी 1972 मध्ये टिपणांची दोन कामे वेगळी केली: लिहिताना मनात ठसणे आणि नंतर वाचायला हाताशी असणे. टिपणांविरुद्धचा आक्षेप मुख्यतः पहिल्या कामाला लागू होतो. सारांशाच्या प्रश्नात दुसरे काम टाळता येत नाही. तीन मुद्द्यांचा परस्परसंबंध आणि आकडे दहा-वीस मिनिटे डोक्यात धरून वर इंग्रजी वाक्येही रचणे फार थोड्यांना जमते.

मग आपली अडचण ऐकण्याची आहे की टिपण्याची, हे कसे ओळखावे? एक सोपी परीक्षा आहे. आकाशवाणीच्या मराठी बातम्यांपैकी नव्वद सेकंद ऐकून त्याच पद्धतीने टिपणे घ्या आणि सत्तर शब्दांत मराठी सारांश लिहा. तोही विस्कळीत झाला तर दोष पद्धतीत आहे. मराठीत नीट जमले आणि इंग्रजीत फसले तर चिन्हांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये, कान तयार करावा.

जे अजून सुटलेले नाही

टिपणे कोणत्या भाषेत घ्यावीत हा प्रश्न खुला आहे. उत्तर इंग्रजीत लिहायचे असल्याने इंग्रजीतच टिपावे, म्हणजे व्याख्यानातला नेमका शब्द हाती राहतो, असे बहुतेक शिक्षक सांगतात. दुसरीकडे, मराठीत टिपणाऱ्याला अर्थ समजल्याशिवाय लिहिताच येत नाही, ही जमेची बाजू आहे, आणि सारांश मूळ वाक्याची नक्कल होत नाही. तोटा हा की पारिभाषिक शब्दाचे इंग्रजी रूप परत शोधावे लागते. दुभाष्यांतही मूळ भाषा, लक्ष्यभाषा की मिश्रण, यावर एकमत नाही. संज्ञा इंग्रजीत आणि संबंध चिन्हांत, ही तडजोड सध्या सर्वांत टिकाऊ वाटते.

हाताने की कळफलकाने, हाही वाद आहे. म्यूलर आणि ओपनहायमर यांनी 2014 मध्ये दाखवले की लॅपटॉपवर टिपणारे शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात. 2019 आणि 2021 मधल्या पुनर्तपासण्यांत तो परिणाम तितक्या ठामपणे दिसला नाही. या परीक्षांपुरता तो प्रश्न दुय्यम आहे, पुढे विद्यापीठाच्या वर्गात तो पुन्हा समोर येतो. आणि तासाभराच्या व्याख्यानाला दोन मिनिटांसाठी घडवलेली पद्धत कितपत पुरते, याचे उत्तर परीक्षांवरच्या अभ्यासातून मिळणार नाही.

आज उपलब्ध पुराव्यावरून परीक्षार्थीला माझे सांगणे एवढे आहे. संबंध दाखवणारी दहा-बारा चिन्हे निवडा, ती परीक्षेपर्यंत बदलू नका, बाकी शब्द सुरुवात आणि शेवटचे अक्षर राखून जागेवर तोडा. सराव जाड पेनाने करा. प्रत्येक सरावानंतर टिपणे बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी वाचा, आणि ज्या ओळीचे पूर्ण वाक्य करता येत नाही तिथे कोणते चिन्ह हवे होते ते त्याच ओळीशेजारी लिहून ठेवा.